ग्लायसीनचा ब्रेक एकीकडं, झोपेची पावडर दुसरीकडं

प्रश्न: सर, ग्लायसीन म्हणजे ब्रेनस्टेममधला ब्रेक आहे असं वाचलं. मग झोपायच्या आधी ३ ग्रॅम पावडर घेतली की तोच ब्रेक लागून झोप येते का? माझी झोप कच्ची आहे म्हणून विचारतोय. आणि वडील (वय ६४) पहाटे झोपेत हातपाय झाडतात, ओरडतात, परवा आईला जोरात लागलं. त्यांना पण ही पावडर चालंल का?

उत्तर:

तुमच्यासाठी करून बघायला हरकत नाही, वडिलांना मात्र पावडर देत बसू नका, त्यांना दाखवायला न्या. का ते सांगतो, पण त्यासाठी आधी एक गैरसमज काढावा लागंल, जो निम्म्या लोकांच्या डोक्यात असतो. ब्रेनस्टेममधला ग्लायसीनचा ब्रेक खरा आहे. झोपताना ३ ग्रॅम घेतल्यावर काही लोकांना बरं वाटतं हेही खरं. पण ह्या दोन गोष्टी जोडून जी गोष्ट सांगतात ना, की पावडर खाल्ली, मेंदूत गेली, ब्रेक दाबला, झोप लागली, ती तशी नाही.

मी भूलतज्ज्ञ, लातूरकडं वीसेक वर्षं हेच काम करतोय, त्यामुळं ग्लायसीन मी पुस्तकात कमी आणि ऑपरेशन थिएटरमधी जास्त पाहिलंय. तिथं त्याच्या तीन-तीन लिटरच्या बाटल्या लटकवलेल्या असतात. ती गोष्ट पुढं येईलच.

आधी ब्रेक म्हणजे काय ते बघू. ग्लायसीन हे सगळ्यात लहान अमायनो ॲसिड, चवीला गोड, नावच ग्रीकमधल्या गोड ह्या शब्दावरून पडलं. शरीर स्वतः बनवतं, हाडं-कातडी धरून ठेवणाऱ्या कोलॅजेनचा साधारण तिसरा हिस्सा हेच असतं. म्हणजे एरवी ही निस्ती घराची वीट. पण मणक्यातला मज्जारज्जू आणि त्याच्या वर लागून असलेला ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा देठ म्हणा, इथल्या काही नसपेशी हीच वीट निरोप म्हणून वापरतात. आणि तो निरोप एकच असतो, "थांब".

हा निरोप पोचतो कसा ते पाटाच्या पाण्यावरून सांगतो, कारण आपल्याकडं दारं धरलेली नाहीत असा माणूस सापडणं अवघड. मोटर न्यूरॉन म्हणजे स्नायूला हुकूम देणारी पेशी. तिच्यावर वरून, बाजूनं, सगळीकडून "हाल, हाल" असे सिग्नल येत असतात आणि त्यांची बेरीज एका पातळीच्या वर गेली की ती फायर करते. आता तिच्या अंगावर ग्लायसीनचे रिसेप्टर असतात, पाच तुकडे गोल जुळवून केलेली नळी समजा, मधी भोक. ग्लायसीन येऊन चिकटलं की भोक उघडतं आणि बाहेरचं क्लोराईड आत घुसतं. क्लोराईडवर ऋण भार असतो, त्यामुळं पेशी त्या पातळीपासून आणखी खाली जाते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे भोक उघडं असेपर्यंत जे काही "हाल" म्हणून सिग्नल येतील ते तिथल्या तिथं गळून जातात. तुम्ही वरून मोटर चालू करून पाणी सोडलंय, पण मधीच पाट फुटलाय, तर शेवटच्या सरीला पाणी पोचणारच नाही, मोटर कितीही जोरात चालू द्या. हे सगळं काही मिलिसेकंदांचं काम. लगेच शेजारचे पंप ग्लायसीन ओढून घेतात, एक पंप ज्या पेशीनं सोडलं तिच्यातच परत भरतो, दुसरा आजूबाजूच्या आधार देणाऱ्या पेशींत नेतो, आणि जागा साफ. हे पंप लक्षात ठेवा, पुढं कामाला येतील.

हा ब्रेक किती मोठा आहे हे तो निकामी झाला की कळतं. कुचल्याची बी, काही जण काजरा म्हणतात, तिच्यातलं स्ट्रिक्निन बरोब्बर ह्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि ग्लायसीनला चिकटू देत नाही. मग ब्रेक नसलेली गाडी, जरा दार वाजलं, अंगाला हात लागला की सगळं अंग ताठ, पाठ कमानीसारखी, आणि माणूस पूर्ण शुद्धीत. (विषतिंदुक वगैरे घरी कुणाच्या सांगण्यावरून घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) धनुर्वातात दुसऱ्या टोकाला बिघाड होतो. त्याचं विष नसेतून वर चढतं आणि ग्लायसीनच्या पिशव्या जिथून सोडल्या जातात तिथली यंत्रणाच कापून टाकतं. रिसेप्टर ठीक आहे पण निरोपच निघत नाही. आणि धनुर्वातात बहुतेक वेळा सगळ्यात आधी दातखीळ का बसते माहितीये का? कारण जबड्याच्या स्नायूंना हुकूम देणारं केंद्र ब्रेनस्टेममधी आहे आणि तिथपर्यंतची नस आखूड, पायाची नस लांब, त्यामुळं विष तिथं लवकर पोचतं. असे पेशंट आम्ही अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवायचो, ट्रॉलीचा आवाज झाला तरी झटका यायचा. ब्रेनस्टेममधी ग्लायसीन काय करतंय हे मला त्या खोलीत जेवढं कळलं तेवढं कुठल्याच आकृतीतून कळलं नाही.

आता झोपेशी ह्याचा संबंध. संबंध आहे, आणि जोरदार आहे, फक्त तो झोप येण्याशी नाही. रात्री आपण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत झोपतो आणि प्रत्येक फेरीत थोडा वेळ रेम झोपेचा असतो, बुबुळं पापणीखाली फिरतात, ठसठशीत स्वप्नं पडतात. त्या वेळी मेंदू जवळजवळ जागा असल्यासारखा चालू असतो, तुम्ही स्वप्नात पळत असाल तर पळायचे हुकूम खरोखर निघत असतात. तरी तुम्ही पळत नाही कारण हातापायाचे स्नायू त्या वेळी सैल सोडलेले असतात. ह्याची साखळी अशी, ब्रेनस्टेमच्या मधल्या भागात, पॉन्समधी, एक छोटा गट रेम चालू झाली की पेटतो, तो खालच्या भागातल्या, मेड्युलातल्या, गटाला उठवतो, आणि त्या गटातल्या पेशी मज्जारज्जूपर्यंत लांब धागे सोडून मोटर न्यूरॉनवर ग्लायसीन आणि त्याच्यासोबत गाबा नावाचा दुसरा ब्रेक, दोन्ही ओततात. १९८० च्या दशकाच्या शेवटी झोपलेल्या मांजरांच्या मोटर न्यूरॉनवर हे मोजलं गेलं, रेममधे तिथं ब्रेकचे मोठे मोठे झटके दिसले आणि स्ट्रिक्निन सोडलं की ते नाहीसे झाले. पुढं उंदीर-घुशींवरच्या कामात दिसलं की एकट्या ग्लायसीनला अडवून स्नायू पुरते सुटत नाहीत, गाबाचेही सगळे रस्ते अडवावे लागतात. म्हणजे ब्रेक डबल आहे. श्वासाचा पडदा आणि डोळ्यांचे स्नायू मात्र ह्यातून बऱ्यापैकी सुटतात, म्हणून आपण सकाळी जिवंत उठतो.

तर ब्रेनस्टेममधलं ग्लायसीन झोप आणत नाही, लागलेल्या झोपेत अंग बांधून ठेवतं. ह्या दोन वाक्यांतला फरक समजला की पावडर विकणाऱ्यांची निम्मी जाहिरात गळून पडते.

मग खाल्लेलं ग्लायसीन ह्या ब्रेकपर्यंत पोचतं का? ३ ग्रॅम म्हणजे पोह्याच्या चमच्यानं साधारण एक चमचा. आतड्यातून रक्तात येतं, वाटेत लिव्हर आपला हिस्सा काढून घेतं, रक्तातली पातळी काही वेळासाठी काही पट वाढते आणि काही तासांत खाली येते. रक्तातून मेंदूत जाताना मधी गाळणी आहे आणि ग्लायसीन तिच्यातून फार थोडं जातं. जे जातं ते ब्रेकच्या जागेपाशी गेलं तरी तिथं ते मघाचे पंप बसलेलेच आहेत, जागा साफ ठेवणं हेच त्यांचं काम.

पण समजा धो-धो गेलं तर? हा प्रयोग मुद्दाम कुणी करणार नाही, पण माझ्यासमोर तो चुकून झाला, म्हणून त्या बाटल्यांची गोष्ट.

प्रोस्टेटचं ऑपरेशन दुर्बिणीतून करताना आत सतत पाणी सोडावं लागतं, नाहीतर रक्तानं काही दिसत नाही. जुन्या पद्धतीच्या मशीनमधी तारेतून करंट देऊन कापतात, म्हणून सलाईन चालत नाही, करंट पसरतो. साधं पाणी रक्तात शोषलं गेलं तर रक्तपेशी फुटतात. त्यामुळं १.५ टक्के ग्लायसीनचं पाणी वापरायचे, करंट पसरत नाही, स्वच्छ दिसतं. (आता सलाईनवर चालणारी मशीन आलीत, तिथं हा त्रास नाही.) बरीच वर्षं झाली, एक साधारण सत्तरीतले आजोबा, गाठ मोठी, ऑपरेशन लांबलं. कंबरेत सुई दिलेली होती, म्हणजे खालचं बधीर, वरून शुद्धीत, माझ्याशी सोयाबीनच्या भावावर बोलत होते. तासाभरानं मधीच म्हणाले, "डॉक्टर, लाईट गेली का?"

आमच्याकडं हा प्रश्न दिवसातून चारदा कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून पहिल्यांदा मी "नाही ओ बाबा" म्हणून सोडून दिला. मग एकदम चमकलो. वर दिवा लख्ख चालू होता. बॅटरी मारून डोळे बघितले, बाहुल्या मोठ्या आणि उजेडाला नीट आवळत नव्हत्या. सर्जनला थांबायला सांगितलं, आत गेलेलं आणि बाहेर आलेलं पाणी मोजलं तर दोनेक लिटरचा हिशोब लागत नव्हता, म्हणजे ते रक्तात गेलेलं. १.५ टक्के म्हणजे लिटरला १५ ग्रॅम, दोन लिटरला ३० ग्रॅम ग्लायसीन, सरळ शिरेत, लिव्हरला न विचारता. तुमच्या चमच्याच्या दहापट. सोडियम तपासलं तर ते पण बरंच खाली, त्याच्यामुळं आजोबा जरा अस्वस्थ, उलटीसारखं होतंय म्हणत होते. ऑपरेशन आवरतं घेतलं, पाणी बंद, लघवी होण्याचं इंजेक्शन, सोडियम हळूहळू वर आणलं, रात्रभर शेजारी बसलो. पहाटेपर्यंत नजर परत आली, पोराचा चेहरा ओळखला.

नजर का गेली तर डोळ्याच्या पडद्यात पण ग्लायसीनवर चालणाऱ्या ब्रेकच्या पेशी आहेत, तिथं त्याचा पूर आला आणि चित्रच बंद पडलं असं ह्याचं स्पष्टीकरण देतात. आता मुद्दा बघा. इतकं ग्लायसीन अंगात असूनही आजोबा माझा हात घट्ट दाबत होते, बोलत होते, श्वास चालू होता. अंग लुळं पडलं नाही, गाढ झोप पण लागली नाही. एका पेशंटवरून सिद्धांत मांडायचा नसतो हे मलाही कळतं, आणि त्यात सोडियमचा घोळ मिसळलेला होता. पण "चमचाभर पावडरनं ब्रेनस्टेमचा ब्रेक लागतो" असं कुणी म्हणालं की मला ते आजोबा आठवतात.

मग झोपेत फरक पडतो तो कशानं? इथं गंमत आहे. ग्लायसीनला मेंदूत दुसरी नोकरी पण आहे आणि ती पहिलीच्या उलटी. एनएमडीए नावाचा एक रिसेप्टर आहे, हा ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर आहे. तो उघडायला ग्लुटामेट लागतं, पण एकट्या ग्लुटामेटनं उघडत नाही, शेजारच्या दुसऱ्या जागेवर ग्लायसीन किंवा त्याच्यासारखं डी-सेरीन बसलेलं असावं लागतं. बँकेच्या लॉकरसारखं, एक चावी तुमची एक मॅनेजरची. १९८७ ला हे लक्षात आलं तेव्हा लोक चक्रावलेच होते, जन्मभर ज्याला ब्रेक म्हणून शिकवलं तो इथं किल्ली फिरवतोय.

जपानमधे उंदरांवर केलेलं आणि २०१५ ला छापलेलं काम ह्या बाबतीत मला सगळ्यात नीट वाटतं. त्यांनी उंदरांना तोंडानं ग्लायसीन दिलं, वजनाच्या मानानं आपल्यापेक्षा खूप जास्त. उंदीर लवकर झोपले आणि अंगाचं आतलं तापमान उतरलं, कातडीकडचं रक्त वाढलं. मग त्यांनी जागा शोधली. मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस म्हणून बारीकसा पुंजका आहे, शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ तिथं चालतं. हा ब्रेनस्टेममधी नाही, त्याच्या वर हायपोथॅलॅमसमधी आहे. तो पुंजका काढून टाकला तर ग्लायसीनचा परिणाम गायब. आणि आता खरी परीक्षा, एनएमडीए अडवणारं औषध दिलं तर परिणाम थांबला, पण स्ट्रिक्निन, म्हणजे आपल्या कुचल्यातलं, ब्रेकवाला रिसेप्टर अडवणारं, त्यानं काही फरक पडला नाही. म्हणजे झोपेचं काम ब्रेकवाल्या दारानं झालंच नव्हतं, दोन चाव्यांच्या दारानं झालं होतं.

घड्याळाला हलवलं की कातडीच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, आतली उष्णता हातापायाच्या तळव्यांतून बाहेर पडते, आतलं तापमान थोडं खाली येतं. झोप लागायच्या आधी शरीर हे रोज आपोआप करतंच, लेकरू पेंगायला लागलं की त्याचे तळवे गरम लागतात ते हेच. ग्लायसीन त्याच वाटेवर थोडा धक्का देत असावं, असा अंदाज. उंदरांवरून माणसावर आणलेला अंदाज आहे, तेवढाच धरा. आणि त्यावरून एक साधी गोष्ट निघते, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, पंखा गरम हवा फेकतोय, तर तळव्यातून उष्णता जाणार कुठं? आपले म्हातारे माळवदावर अंथरूण टाकायचे त्यात ह्या पावडरीपेक्षा जास्त अक्कल होती.

माणसांवरचे अभ्यास पण बहुतेक जपानचे. ३ ग्रॅम, झोपायच्या अर्धा-एक तास आधी, आणि बिनऔषधी पुडीशी तुलना. ज्यांना झोप समाधानाची वाटत नाही अशा लोकांना सकाळी थकवा कमी, डोकं हलकं वाटलं. २००७ च्या एका अभ्यासात डोक्याला तारा लावून झोप मोजली, झोप लवकर लागली आणि गाढ झोपेपर्यंत लवकर पोचले, पण झोपेच्या टप्प्यांचं एकूण प्रमाण बदललं नाही. हे मला आवडलं, कारण झोपेच्या नेहमीच्या गोळ्या ते प्रमाण बदलतात. तिसऱ्यात धडधाकट लोकांची झोप तीन रात्री पाव हिश्शानं कमी केली, ग्लायसीन घेणाऱ्यांना दिवसा पेंग आणि थकवा कमी जाणवला. पण तारा लावलेल्या त्या अभ्यासात माणसं होती अकरा. तिसऱ्यात पण तेवढ्याच्याच आसपास. आणि ह्यातलं बरंचसं काम अजिनोमोटो कंपनीच्या लोकांनी केलेलं, जी अमायनो ॲसिड बनवून विकते. खोटं आहे असं म्हणत नाही, पण बियाण्याचं उत्पन्न बियाणं कंपनीच्या प्लॉटवर मोजलं की आपण जेवढं मीठ टाकून ऐकतो तेवढं इथं पण टाका. वर्षानुवर्षं न झोपणारा, गोळ्यांवर असलेला पेशंट ह्यात नव्हताच.

आता तुमचं. करून बघायचं असंल तर नीट बघा. आधी सात रात्री काही न घेता वहीत तीनच गोष्टी लिहा, किती वाजता आडवे झालात, अंदाजे किती वेळात लागली, सकाळी दहापैकी किती ताजं वाटलं. मग सात रात्री ३ ग्रॅम, अर्ध्या कप पाण्यात, झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी. स्वतःला फसवायचं नसंल तर बायकोला चौदा पुड्या बांधायला सांगा, सात ग्लायसीनच्या, सात पिठीसाखरेच्या (शुगर नसंल तर), दोन्ही गोडच, कोणती कधी ते तिनं लिहून ठेवायचं आणि शेवटी वही जुळवायची. माझ्या एका मित्रानं असं केलं, त्याला ज्या रात्री "एकदम भारी" वाटलं त्यातल्या निम्म्या साखरेच्या निघाल्या, तेव्हापासून तो माझ्याशी ह्या विषयावर बोलत नाही.

दुकानात एक घोळ होतो तो सांगतो. ग्लायसीन मागितलं की मॅग्नेशियम ग्लायसिनेट देतात, "त्यात ग्लायसीन असतंच की" म्हणून. असतं, पण १०० मिलिग्रॅम मॅग्नेशियमसोबत जेमतेम ०.६ ग्रॅम. ३ ग्रॅमला पोचायला ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम पोटात जाईल, सकाळी झोपेचं राहू द्या, डबा घेऊन पळावं लागंल. आणि शेंगदाणे, तीळ, पाया ह्यात ग्लायसीन आहे म्हणून रात्री ते खायचं असं पण काही जण म्हणतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास असतं खरं, पण ते बाकीच्या सगळ्या प्रथिनांत बांधलेलं, पचून हळूहळू सुटतं, रक्तात तसा एकदम चढ येत नाही. रात्री दहाला वाटीभर शेंगदाणे खाऊन आधी जळजळच होईल.

३ ग्रॅमनं सहसा त्रास होत नाही, झालं तर पोट जरा ढिलं. स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासांत दिवसाला ३०-६० ग्रॅमपर्यंत दिलेलं आहे. पण घरात कुणी क्लोझापिन घेत असंल तर त्याला हे देऊ नका, त्या औषधाचा फायदा कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. किडनी-लिव्हरचा आजार, गरोदर बाई, लहान लेकरू, इथं स्वतःच्या मनानं नको. आणि तुम्ही घोरता का, मधीच श्वास अडकून दचकून उठता का, हे घरच्यांना विचारा. तसं असंल तर कच्ची झोप त्याचीच आहे, तिथं पावडर काय करणार.

आता वडील. तुम्ही लिहिलंय पहाटे, हातपाय झाडतात, ओरडतात. रेम झोप रात्रीच्या शेवटच्या हिश्शात जास्त असते, म्हणून पहाटे हा शब्द वाचूनच मी थांबलो. हलवून उठवल्यावर लगेच भानावर येतात का आणि "कुत्रं अंगावर आलं होतं, काठी मारत होतो" असं काही स्वप्न सांगतात का, आणि तुम्ही बघितलेली हालचाल त्या स्वप्नाशी जुळते का? जुळत असंल तर हा रेममधला ब्रेक सैल झाल्याचा आजार असण्याची शक्यता चांगलीच आहे. म्हणजे ब्रेनस्टेममधला तोच गट, जो ग्लायसीन आणि गाबा ओततो, किंवा त्याला उठवणारा वरचा गट, खराब व्हायला लागलाय. ग्लायसीन कमी पडलेलं नाही, ते सोडणाऱ्या पेशीच कमी पडल्यात. दारं धरणारा माणूसच शेतात नसंल तर विहिरीत पाणी वाढवून काय उपयोग? म्हणून त्यांना पावडर नको म्हणालो. शिवाय तुम्ही पावडरवर दोन महिने घालवाल आणि तेवढ्यात आईच्या डोळ्याला लागंल.

घाबरवायचं नाही, पण लपवणार पण नाही. ह्या वयात दुसरं कारण नसताना हा त्रास सुरू झाला तर बऱ्याच लोकांना पुढं काही वर्षांनी कंपवात किंवा त्याच्या जातीचा आजार होतो, झोपेच्या तपासणीत नक्की झालेल्या पेशंटचा पाठपुरावा केला तेव्हा बारा वर्षांत साधारण चारातले तीन त्या वाटेनं गेले होते. म्हणून वास येणं कमी झालंय का, बद्धकोष्ठ जुनं आहे का, चालताना एक हात हलत नाही असं दिसतं का, हे बघून ठेवा, डॉक्टर विचारतील. पण दुसरी कारणं पण असतात. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी असंच होतं. घोरण्यात श्वास अडकून माणूस हातपाय झाडत उठतो, ते लांबून अगदी असंच दिसतं. मिरगी पण असू शकते. फरक नक्की करायला व्हिडिओसकट रात्रभराची झोपेची तपासणी लागते, हनुवटीवर तार लावून रेममधे स्नायू सैल पडतो का ते बघतात. ती सगळीकडं होत नाही, संभाजीनगर-पुण्याकडं सोय आहे, पण आधी न्यूरोफिजिशियनकडं जा. ते क्लोनाझेपामचा अगदी छोटा डोस किंवा मेलाटोनिन देतील, त्यानं झाडणं बऱ्याच जणांचं कमी होतं. क्लोनाझेपाम मेडिकलवरून आपल्या मनानं आणू नका, श्वास अडकण्याचा त्रास असंल तर ते वाढवतं, आणि म्हातारा माणूस रात्री लघवीला उठून पडतो.

तोपर्यंत आजच्या आज, आईचं अंथरूण वेगळं करा. वडिलांची गादी खाली जमिनीवर टाका, भिंतीच्या बाजूला उशी लावा, उशाशी तांब्या, काठी, विळा असलं काही ठेवू नका. रात्री तीन ते पाचच्या मधी मोबाईल कोपऱ्यात लावून दोन-तीन रात्री व्हिडिओ काढा, तोंड आणि हात दिसतील असा. आणि दाखवायला जाताना ते घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, बीपीची, शुगरची, झोपेची, गावातल्या डॉक्टरनं दिलेली ती "कमजोरीची" पण, एका पिशवीत घालून न्या.